पेरणीला नको, राशीला या

२४ जुलै

अहो,

सप्रेम नमस्कार.

तुमचं जूनमधलं पत्र परवा मिळालं. पाकिटावर पाण्याचे डाग होते, पण अक्षर सगळं लागलं. फोनवर सगळ्यांचं बोलून होतं तेव्हा कुठं फोन माझ्या हातात येतो, आणि तोवर रेंज जायला लागलेली असते. मामांना तुमच्या गुडघ्याचं विचारायचं असतं, आत्याबाईंना जेवणाचं, ओमला बर्फाचं. मी रानाचं काही सांगायला लागले की आवाज तुटतो. आणि रानाचं अर्धवट ऐकलं की ते तुमच्या डोक्यात रात्रभर घोळत राहतं, हे मला माहीत आहे. म्हणून पेरणीपासून आजपर्यंतचं सगळं सविस्तर लिहिते. वर चौकीवर ड्युटी नसेल तेव्हा निवांत वाचा.

तुम्ही लिहिलंय, "यंदा पेरणीला रजा मिळाली नाही, फार वाईट वाटतं. पुढच्या वर्षीपासून जूनलाच मागत जाईन." मला याच्यावरच बोलायचंय. तुम्ही पेरणीला येऊ नका. काढणी-मळणीला, राशीला या. का म्हणते ते पुढं येईलच, आधी पेरणीची हकिकत ऐका.

बियाणं घरचंच वापरलं, गेल्या सालचं फुले संगम सोयाबीन. मे महिन्यात तिन्ही पोत्यांची उगवण बघितली. २०२० साल तुम्हाला आठवत असेल. मराठवाडाभर लोकांचं सोयाबीन उगवलंच नव्हतं, आपल्या शिवारात तर पोळ्यापर्यंत लोक त्याचीच चर्चा करत होते. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी पाऊस लागून राहिला होता. भिजलेल्या मालाचं बियाणं झालं आणि जूनमध्ये ते मातीतच कुजलं. तेव्हापासून पोतं विकतचं असो की घरचं, बघितल्याशिवाय मी रानात जाऊ देत नाही.

बघायचं कसं हे गौरीनं वहीत लिहून ठेवलंय. गोणपाट भिजवून पिळून घ्यायचं. पोत्याच्या वरून, मधून, खालून अशी मूठ मूठ घ्यायची आणि न निवडता शंभर दाणे मोजायचे. निवडून चांगले दाणे घेतले तर आपणच आपल्याला फसवलं. दहा दाण्यांची एक ओळ, अशा दहा ओळी. दोन दाण्यांत अंगठा मावेल एवढं अंतर. वरून दुसरं ओलं गोणपाट टाकायचं, गुंडाळी करून दोऱ्यानं बांधायची आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. सहाव्या दिवशी सोडलं. ज्याचा मोड सरळ आणि लांब आलाय तेवढाच दाणा धरायचा. काही दाणे नुसते फुगलेले होते, बोटानं दाबले की आतून पांढरं पाणी आणि आंबूस वास. ते बाद. गौरी एकेक ओळ मोजत होती आणि ओम बाजूला बसून बाद दाणे एका वाटीत टाकत होता.

पहिल्या पोत्याचे अठ्ठ्याहत्तर आले, दुसऱ्याचे सहासष्ट आणि तिसऱ्याचे एकोणपन्नास. एकाच रानातला माल आणि एवढा फरक, म्हणून मामाही चकित झाले. मग लक्षात आलं. तिसरं पोतं शेवटच्या दिवशीच्या मळणीचं होतं. आभाळ भरून आलेलं, मळणी यंत्रवाल्याला पुढच्या गावाला जायची घाई, त्यानं यंत्र जोरात पळवलं. सोयाबीनचं साल फार पातळ असतं. यंत्राचे फेरे मिनिटाला चारशेच्या आसपास असले की दाणा शाबूत राहतो. त्याच्या वर गेले की आत तडा जातो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. पोतं डोक्यावरून आपटलं तरी तसंच होतं. म्हणून यंदा बियाण्याची पोती हळू उतरवायला सांगितली आणि खाली लाकडी फळ्या टाकल्या.

उगवण सत्तरच्या वर असली की एकरी तीस किलो पुरतं. त्याच्या खाली प्रत्येक टक्क्यामागं अर्धा किलो बी वाढवायचं. साठच्या खाली गेलं तर ते बियाणं म्हणून धरायचंच नाही. पहिल्या पोत्यातून वरचं दोन एकर पेरलं, एकरी तीस किलोनं. दुसरं पोतं सत्तरला चार टक्के कमी, म्हणून विहिरीजवळच्या एकराला बत्तीस किलो घेतलं. तिसरं पोतं आडतीवर घातलं. शेकडेवारीची उदाहरणं गौरीला शाळेत जड जात होती. हा बत्तीसचा हिशोब तिनं मला विचारायच्या आधी स्वतः काढून दाखवला, आणि शेजारच्या काकूंनी त्यांचं पोतं आणलं तर त्यांनाही तिनंच काढून दिला.

आता पावसाचं. मिरग निघाला आणि दोन दिवसांत चांगली सर आली. सगळ्या शिवारात पेरणी यंत्रं फिरायला लागली. मामा सकाळी उठले की आधी ओट्यावर येऊन आभाळाकडं आणि मग माझ्याकडं बघायचे. बोलायचे काही नाहीत, पण ते बघणं मला कळत होतं. त्यांच्या उभ्या आयुष्यात मिरगाची पेर चुकवलेली नाही. मी अंगणात सरळ कडांचा पत्र्याचा डबा ठेवला होता. त्यात गौरीची पट्टी उभी केली तर चाळीस मिलिमीटरच्या आत पाणी होतं. पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पडल्याशिवाय सोयाबीन पेरू नये म्हणतात, आणि ते का, हे मामांना दाखवायला मी त्यांना रानात घेऊन गेले. खुरप्यानं हातभर खड्डा काढला. वरची चार बोटं माती काळी, ओली. तिच्याखाली कोरडा, भुरकट थर. आणि त्याच्याही खाली जुनी ओल. वरची ओल खालच्या ओलीला मिळालेली नव्हती. अशा वेळी पेरलं की बी फुगतं, मोड काढतं, मग ऊन पडतं आणि मोडाला खाली जायला ओल नसते. मामा खाली बसले, त्या कोरड्या थरात बोट घातलं आणि म्हणाले, "थांबू."

थांबणं सोपं नव्हतं. रोज कुणीतरी येऊन विचारायचं, "तुमचं राहिलं का अजून?" नवरा घरी नाही म्हणून हिला जमलं नाही, असा त्या विचारण्यात सूर असायचा. दहा-बारा दिवस नुसतं वारं. आडदऱ्यात मात्र दोन रात्री लागून पडला. तिसऱ्या दिवशी खड्डा काढला तर मधला थर गेलेला, ओल एकसारखी. तरी एक दिवस सोडला, कारण माती पायाला चिकटत होती. मुठीत दाबून लाडू केला आणि अंगठ्यानं ढकलला. तो चिकटून न राहता फुटला, म्हणजे वापसा झाला. २५ जूनला पेरलं. बियाण्याला आधी बुरशीनाशक लावून सावलीत सुकवलं आणि पेरायच्या जरा आधी रायझोबियम लावलं. ट्रॅक्टरवाल्याला दोनदा उतरवून खोली बघितली. दीड-दोन इंचाच्या खाली दाणा गेला की सोयाबीनच्या कोंबाला वर यायचा जोर राहत नाही, आणि ट्रॅक्टर जरा पळवला की फण खाली जातोच. खालच्या दीड एकरात तूर घातली.

पाचव्या-सहाव्या दिवशी तासं दिसायला लागली. मिरगात पेरलेल्यांपैकी बऱ्याच जणांना मोडून दुबार पेरावं लागलं. तुमच्या शाळेतल्या मित्राचंही चार एकर गेलं. आपल्याकडं अर्धं पोतं उरलं होतं ते मामांनी स्वतः त्यांच्या घरी पोचवलं. पैशाचं नंतर बघू म्हणाले.

मग गोगलगाई आल्या. २०२२ साली आपल्या लातूरकडं शंखी गोगलगाईंनी रानंच्या रानं साफ केली होती, तेव्हा तुम्ही आसामात होतात. यंदा तेवढ्या नाहीत, पण बांधाकडच्या दोन तासांत सकाळी नुसत्या काड्या उभ्या दिसल्या आणि मातीवर चकाकणारे पट्टे, तेव्हा मी ओळखलं. दिवसा त्या दिसत नाहीत. दगडाखाली, गवताच्या बुडाशी असतात आणि रात्री निघतात. संध्याकाळी गोणपाटं गुळाच्या पाण्यात भिजवून बांधाच्या कडेनं टाकायची आणि उजाडायच्या आत उचलायची. खाली चिकटून बसलेल्या असतात. हातात पिशवी घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. नुसत्या बांधापलीकडं फेकल्या तर रात्रीत परत येतात. शेजारचे तात्या आणि आपण मिळून केलं, कारण एकट्याच्या रानात वेचून काही होत नाही. ओम तुमची जुनी टोपी घालून बॅटरी धरायचा. टोपी नाकापर्यंत यायची. त्याला वेचायला मनाई आहे, नुसतं "इथं, मम्मी, इथं" करत पुढं पळायचा. आता त्या आटोक्यात आहेत. एक कोळपणी झाली, खुरपण चालू आहे, पीक गुडघ्याच्या खाली आहे आणि रंग चांगला काळपट हिरवा आहे. खालून पिवळी पानं कुठं दिसत नाहीत. पांढऱ्या माशीवर लक्ष ठेवलंय.

आता रजेचं.

गेल्या वर्षी तुम्ही पेरणीसाठी आलात. सगळी तयारी करून आपण दोघं ओट्यावर बसून आभाळ बघत राहिलो. रजा संपली, तुम्हाला लातूरला रेल्वेत बसवलं आणि पुढच्या आठवड्यात पाऊस आला. पेरणी मीच केली. यात कुणाचा दोष नाही. पेरणी पावसाच्या हातात आहे आणि पावसाची तारीख कुणाला दोन महिने आधी कळत नाही. तुमच्या रजेचं मात्र आधीच ठरवावं लागतं. या दोन गोष्टी एकमेकींना गाठणार कशा? राशीचं तसं नाही. एकदा पेरलं की तारीख आपल्या हातात येते. फुले संगम शंभर ते एकशे पाच दिवसांत काढणीला येतं. २५ जूनपासून मोजलं की ८ ऑक्टोबर होतो. पाऊस लांबून पीक हिरवं राहिलं तर पाच-सात दिवस पुढं, ओढ बसली तर तेवढंच मागं. त्यात चूक व्हायला एवढीच जागा आहे. सप्टेंबरच्या मध्यात पानं पिवळी पडायला लागली की मी फोनवर पक्की तारीख सांगेन.

आणि माणूस लागतो तो तेव्हाच. पेरणी एका दिवसाचं काम, ती डोक्यानं होते आणि मला जमते. रास आठ-दहा दिवसांची, आणि त्यातला प्रत्येक दिवस घाईचा. शेंगा तपकिरी झाल्या की चार दिवसांच्या वर उभं ठेवता येत नाही, दुपारच्या उन्हात शेंगा तडकतात. काढणीच्या टोळ्या एकरी ठरवून घेतात, आणि सगळ्या गावाला त्याच आठवड्यात टोळी हवी असते. कापून दोन-तीन दिवस वाळवायचं, मग बनीम लावायची, ताडपत्रीनं झाकायची. रात्री आभाळ गरजलं की उठून ताडपत्रीची टोकं दाबायला दोन माणसं लागतात. मामांना आता रात्री नीट दिसत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलंय. मळणी यंत्राजवळ उभं राहून "हळू पळव" म्हणायला घरचा पुरुष असला की यंत्रवाला ऐकतो, माझं तो हसण्यावारी नेतो. हे मला आवडत नाही, पण सध्या असंच आहे, आणि पुढच्या वर्षीचं बियाणं त्याच्यावरच ठरतं.

म्हणून माझं म्हणणं असं. वार्षिक रजेचे साठ दिवस एकदम घेऊ नका. अर्धी रजा १ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होईल अशी मागा. तिथून खाली उतरून घरी पोचेपर्यंत चार-सहा दिवस जातात ते धरून. उरलेली येळवसेला ठेवा. तुम्ही येळवसेला रानात नव्हतात त्याला बरीच वर्षं झाली. कडब्याची कोप मामा एकटेच उभी करतात, आंबील आणि भज्जी सगळ्या गावाला पुरेल एवढी होते, पण पांडवांच्या पूजेला तुमच्या जागी ओमला बसवतो. तो आता विचारतो, "पप्पांची जागा कुठली?" तेव्हा तूर शेंगांनी भरलेली असेल आणि जानेवारीत तिची काढणी. त्या रजेत तीही बघून जाल.

लेकरांना यातलं काही सांगितलेलं नाही. रेल्वेचं तिकीट पक्कं होईपर्यंत मी तारीख सांगत नाही. मागं एकदा तुमची रजा ऐनवेळी पुढं ढकलली गेली तेव्हा गौरी दोन दिवस जेवली नव्हती. ती आता सातवीत आहे, रुसत नाही, पण गप्प होते, आणि ते मला जास्त लागतं. पुढच्या वर्षी आठवीला तिला शेजारच्या गावी जावं लागेल. रस्त्याला तीन-चार मुली आहेत, सायकलवर मिळून जातील. तिला पुढं शेतीचं शिकायचंय, परभणीच्या विद्यापीठात. हे तिनं मला नाही, मामांना सांगितलं. मामांनी लगेच "पाठवू" म्हटलं. तुम्ही फोनवर तिला यातलं काही विचारू नका, ती स्वतः सांगेल.

आणखी एक गोष्ट, ती फोनवर बोलायची नव्हती. सातबारा तुमच्या नावावर आहे. आधारला जोडलेला नंबर तुमच्या फोनचा आहे. कुठल्याही शेतीच्या कामाला ओटीपी लागला की तो तुमच्याकडं जातो, आणि तुम्ही वर असला की तो फोन बंद असतो. शेतकरी ओळख क्रमांकासाठी केंद्रावर दोनदा जाऊन परत आले. तिथला पोरगा म्हणाला, "ज्यांचं शेत आहे त्यांना आणा." मी काही बोलले नाही. घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, १९८६ साली चांदवडला बायांचं मोठं अधिवेशन झालं, आपल्या गावातल्याही दोघी गेल्या होत्या, आणि जमिनीवर बाईचं नाव लागलं पाहिजे हे गावात तेव्हापासून बोललं जातं. सरकारची लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे. नवऱ्यानं स्वतः अर्ज दिला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लागतं. तुमचं नाव राहतंच, माझं शेजारी येतं. अर्ज तुमच्या सहीचाच लागतो, माझ्या सहीनं होत नाही.

मी मामांना विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पेरायचं कधी ते तू ठरवलंस. नाव लावायला काय हरकत?" आता तुमचं मन कळवा. मला हे पटवून द्यायला आवडेल, पण तुम्ही मनापासून म्हणालात तरच करायचं. ऑक्टोबरमध्ये आलात की रास आडतीवर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडं जाऊ. त्याच फेरीत ओळख क्रमांकाचंही होईल, तिथं तुमचा अंगठा चालेल.

घराचं थोडक्यात. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गळत होतं तिथला पत्रा बदलला. गाय गाभण आहे. आत्याबाईंचा खोकला गेला. कोजागिरीला त्या तुळजापूरला चालत जायचं म्हणतात. तुम्ही तेव्हा घरी असाल, तुम्हीच त्यांना समजावा किंवा सोबत जा.

तुमच्या गुडघ्याचं मामांना सांगता तेवढंच मला सांगू नका. दुखत असेल तर युनिटच्या डॉक्टरांना दाखवा आणि ते काय म्हणाले ते पत्रात लिहा. सोबत आत्याबाईंनी केलेली जवसाची चटणी वेगळ्या पार्सलनं पाठवतेय, तिखट कमी घातलंय.

रजेचा अर्ज ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच टाका. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सगळ्यांनाच घरी यायचं असतं. कारण विचारलं तर सणाचं सांगू नका, सोयाबीनची रास आहे म्हणून सांगा. तुमचे सुभेदारसाहेब आपल्याच भागातले आहेत, त्यांना तारखेसकट कळेल.

तुमची,
सुनीता